वहीची नक्कल वेगळी, गिऱ्हाइकांची खाती वेगळी: फोटोंवरून दोन फायली कशा हव्यात

नमस्कार ताई,

तुम्ही पाठवलेली पाच पानांची नमुना फाइल पाहिली. आमची वही लिहिणाऱ्या तात्यांचं अक्षर तुम्हाला लागलं, यातच निम्मं काम झालं. पण या फाइलीत दोन वेगळी कामं एकात मिसळली आहेत. दोष माझाच आहे. फोनवर मी "उधारीच्या वहीचं एक्सेल करून द्या" एवढंच म्हणालो. मला फायली दोन हव्यात: एक वहीची नक्कल आणि दुसरी गिऱ्हाइकांची खाती. दोन्हींत नाव, तारीख, रक्कम हेच असतं, म्हणून त्या एकच वाटतात. पण नक्कल म्हणजे पानावर काय लिहिलंय ते, आणि खातं म्हणजे गिऱ्हाइकाकडून खरंच किती येणं आहे ते.

तुमच्याच नमुन्यातलं IMG_0131.jpg हे पान घ्या. तात्यांनी त्यावर असं लिहिलंय:

| तारीख | तपशील | जमा | नावे | बाकी |
|---|---|---|---|---|
| | मागील बाकी | | १२४० | १२४० |
| ३/१० | साखर, तेल | | ३८५ | १६२५ |
| ८/१० | रोख | ५०० | | ११२५ |
| १२/१० | किरकोळ | | २१६ | १३४१ |
| १९/१० | चहा, साबण | | ९४ | १४५५ |

शेवटची बेरीज चुकली आहे. १३४१ मध्ये ९४ मिळवले की १४३५ होतात. तुमच्या ते लक्षात आलं आणि तुम्ही १४३५ टाकलंत. हिशेबाला तुम्ही पक्क्या आहात, पण घोटाळा तिथेच झाला. पुढच्या पानावर 'मागील बाकी १४५५' आहे आणि त्याखाली २/११ ला तात्यांनी 'बेरीज चूक, जमा २०' अशी नोंद केली आहे. म्हणजे चूक त्यांना सापडली होती आणि त्यांनी ती आपल्या पद्धतीनं मिटवली. त्याच दिवशी गिऱ्हाइकानं १००० रोख दिले आणि बाकी ४३५ राहिली. तुमच्या फाइलीत मात्र २० रुपये दोनदा वजा झाले, एकदा तुमच्या दुरुस्तीत आणि एकदा तात्यांच्या, म्हणून बाकी ४१५ आली. रक्कम लहान आहे, पण दोनशेच्या वर पानं आहेत आणि तात्या असं वरचेवर करत आले आहेत.

म्हणून नक्कलेत १४५५ च हवं. चूक दिसली तरी हात लावू नका. खोडलेली रक्कम असेल तर तीही लिहा आणि शेजारी 'खोडलेली' असं टाका. रकमेऐवजी वरच्याप्रमाणे म्हणून दोन टिंबं असतील, तर रक्कम भरू नका, टिंबंच ठेवा. तारीख '5/11' अशीच, वर्ष न घालता. हा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर माझ्या संगणकावर ५ नोव्हेंबरचा ११ मे होतो. एकाच घरातली दोन खाती असतील, एक नवऱ्याच्या नावावर आणि एक 'गिरणीवाल्या वहिनी' म्हणून, तर ती एकत्र करू नका. प्रत्येक ओळीपुढे फोटोचं नाव हवं. गिऱ्हाईक उद्या येऊन म्हणालं, "आठ तारखेला मी सहाशे दिले होते," तर मला त्या ओळीवरून थेट फोटो उघडून दाखवता आला पाहिजे. दुरुस्त केलेली नक्कल अशा वेळी काहीच कामाची नाही.

खात्यांच्या फाइलीत मात्र डोकं चालवायचं आहे. तिथे बाकी एक्सेलनं काढायची, तिच्याशेजारी वहीतली बाकी ठेवायची आणि तिसऱ्या रकान्यात दोन्हींतला फरक. वरच्या पानावर १९/१० पुढे फरक २० दिसेल. पुढच्या पानावरच्या त्या 'जमा २०' ला प्रकार 'दुरुस्ती' द्यायचा आणि तो बाकीतून वजा करायचा नाही, कारण ते ना पैसे आले ना माल गेला. त्या ओळीवर फरक शून्य होतो आणि शेवटी दोन्हीकडे ४३५ येतात. नोंद दुरुस्तीची आहे की खरी जमा आहे, याबद्दल शंका आली तर 'प्रश्न' असं लिहून सोडा. मी तात्यांना विचारीन.

याच फाइलीत तारीख पूर्ण हवी, 2023-10-19 अशी. इथे एक खोच आहे. आमची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते. ही वही २६ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि १४ नोव्हेंबर २०२३ ला, पुढच्या पाडव्याला, बंद झाली. त्यामुळे '५/११' ही तारीख दोन्ही वर्षांत येऊ शकते. खात्याच्या सुरुवातीला असेल तर २०२२, शेवटी असेल तर २०२३. आजूबाजूच्या तारखा पाहिल्या की कळतं.

रकमा इंग्रजी आकड्यांत टाका. देवनागरी आकडे माझ्याकडचं एक्सेल मजकूर समजतं आणि SUM त्यांना गुपचूप वगळतं. चूक दाखवत नाही, बेरीज नुसती कमी येते. तात्या रकमेपुढे '/-' लिहितात, त्यातली तिरपी रेघ १ वाटू शकते. नमुन्यात एके ठिकाणी '१२०/-' चे १२०१ झाले आहेत.

आता जमा आणि नावे. देशी पद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. टॅलीवर काम केलेल्या माणसाला नावे डावीकडे बघायची सवय असते, आणि नमुन्यातल्या दोन पानांवर तुमचं तेच झालं. तिथे गिऱ्हाइकाच्या बाकीपुढे उणे चिन्ह आलंय, म्हणजे मीच त्यांचं देणं लागतो. बाजू ओळखायला तपशील बघा: 'रोख' असेल तिथे जमा, माल असेल तिथे नावे.

फरकाच्या रकान्याचा तुम्हालाही उपयोग होईल. फरक ८, ८० किंवा ८०० आला तर बहुधा १ च्या जागी ९ वाचला गेलाय, तात्यांचे हे दोन आकडे जुळे भाऊ आहेत. फरकाला ९ नं भाग गेला तर टाइप करताना शेजारचे आकडे उलटसुलट झालेत का ते बघा, ५४ चे ४५ वगैरे. असं काही नसेल तर पुन्हा फोटो उघडा आणि तरीही जुळलं नाही तर चूक तात्यांची समजा. तशी पानं निघणारच.

फायलींची नावं udhari_nakkal.xlsx आणि udhari_khati.xlsx अशी ठेवा. आधी नक्कल वीस-वीस पानांनी पाठवा. मी प्रत्येक गठ्ठ्यातली तीन पानं वहीशी ताडून बघीन आणि होकार दिल्यावरच त्या पानांची खाती करा. नक्कल कच्ची राहिली तर खाती दोनदा करावी लागतील. पुसट फोटो असला तर अंदाजानं भरू नका, कळवा. मी नवा काढून व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवीन, नुसता फोटो पाठवला की तो बारीक होऊन पेन्सिलीचे आकडे जातात.

वहीत गावातल्या लोकांची नावं, मोबाइल नंबर आणि कोणाची किती उधारी आहे ते सगळं आहे. हे फोटो दुसऱ्या कोणाला टाइपिंगला देऊ नका आणि काम संपलं की पुसून टाका.

ही पाच पानं या पद्धतीनं पुन्हा करून पाठवाल का? आधीच्या नमुन्याचे पैसे मी कापणार नाही, पुन्हा केलेल्या पानांचे वेगळे धरा.

आपला,
किराणा दुकानवाला