सिंकच्या मध्ये स्प्रेडशीट आली की सुरुवातीचा शून्य गायब होणं

पिनकोड, कर्मचारी क्रमांक, खाते क्रमांक यात अंक असले तरी तो खरं तर मजकूर असतो, कोणी त्यांची बेरीज करायला बसत नाही. पण स्प्रेडशीटला हे कळायला मार्ग नाही. सेलमध्ये नुसते अंक दिसले की ती त्याला संख्या धरते, आणि संख्या म्हणून 01067 आणि 1067 एकच, त्यामुळे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा 01067 शीटमध्ये शिरतो आणि 1067 होऊन बाहेर पडतो. भारतातला पिनकोड शून्याने सुरूच होत नाही, म्हणून फक्त इथल्या डेटावर टेस्टिंग केलं तर सगळं मस्त चालतं आणि बॉस्टनचा 02108 येईपर्यंत कोणाला काही पत्ताच लागत नाही.

ओळख क्रमांकात हे जास्त महागात पडतं, कारण सिंक त्याच्यावरच नोंदी जुळवतो. समजा एचआरच्या सिस्टिममधून रोज रात्री माहिती गूगल शीटमध्ये येते आणि तिथून पगाराच्या सिस्टिममध्ये जाते. क्रमांक आहे 004217. गूगल शीट्सच्या API ने शीटमध्ये लिहिताना `valueInputOption` या सेटिंगला `USER_ENTERED` दिलं असेल तर गूगल तो माणसाने टाइप केल्यासारखा वाचतं, झाला 4217. पगाराची सिस्टिम 4217 शोधते, सापडत नाही, मग नवा कर्मचारी तयार करते, आणि 004217 आता शीटमध्ये दिसत नाही म्हणून त्याला नोकरी सोडलेला धरते. एरर कुठेच नाही, प्रत्येक पायरी आपापलं काम बरोबर करतेय! त्याहून वाईट म्हणजे 0421 आणि 421 ही दोन वेगळी माणसं असतील तर एकाची माहिती दुसऱ्यावर चढते.

यावर उपाय म्हणजे त्याच सेटिंगला `RAW` द्यायचं, म्हणजे मजकूर जसाच्या तसा लिहिला जातो, आणि तो कॉलम आधीच प्लेन टेक्स्ट करून ठेवायचा, म्हणजे नंतर कोणी हाताने क्रमांक टाकला तरी शून्य टिकतो. डेटा आल्यावर कॉलम प्लेन टेक्स्ट केला तरी गेलेला शून्य परत येत नाही. मध्ये सीएसव्ही असेल तर कोणीतरी "जरा बघतो" म्हणून ती डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतो, तेवढंही पुरतं, वर 12 अंकी क्रमांक `1.23457E+11` असा दिसतो आणि सीएसव्हीत तसाच उतरतो, म्हणजे शेवटचे अंकही गेले.

नुकसान झालंय का ते `=LEN(A2)` खाली ओढून कळतं, सगळे क्रमांक सहा अंकी हवेत आणि मध्येच चार-पाच दिसले की समजायचं. लांबी ठरलेली असेल तर शून्य परत लावता येतात:

```
=TEXT(A2,"000000")
```

पण यादीत जर्मनीबरोबर ऑस्ट्रियाचेही पत्ते असतील तर पिनकोड सरसकट पाच अंकी करू नका, व्हिएन्नाचा 1010 मुळातच चार अंकी आहे आणि तो उगाच 01010 होईल, आधी देशाचा कॉलम बघावा लागतो. लांबीच ठरलेली नसेल तर मूळ सिस्टिममधून परत एक्स्पोर्ट घ्यायचा, आणि ती फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून बघायची नाही.