फ्रूट क्रंबल (मुंबईतील घरगुती भट्टीकाम)

फळांच्या फोडींवर मैदा, लोणी आणि साखर यांचा भरड चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ. क्रंबल मूळचे ब्रिटिश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर मिळत होती, तेव्हा पायच्या पूर्ण पारीपेक्षा कमी सामानात होणारा हा पदार्थ घरोघरी रुळला. वरच्या चुऱ्याला जर्मनमध्ये स्ट्रॉयसेल म्हणतात. ‘भुरभुरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून हे नाव आले आहे.

क्रंबल बिघडते ते बहुतेक वेळा एकाच प्रकारे: वरचा थर लगद्यासारखा होतो. ओलावा चुऱ्यापर्यंत तीन वाटांनी पोचतो. फळातून वाफ उठते, पातळ रस उकळून वर येतो आणि भाजून झाल्यावर हवेतला दमटपणा साखर शोषून घेते. मुंबईत ही तिसरी वाट फार महत्त्वाची. ज्या हवेत उघडा राहिलेला चिवडा दुपारपर्यंत सादळतो, त्या हवेत क्रंबलही सादळते.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हे यातले अवघड फळ, कारण तिच्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असते. डिसेंबर ते मार्चमध्ये दादरच्या बाजारात तिचे डबे दिसू लागले की घरोघरच्या ओटीजीत क्रंबल चढते आणि बऱ्याचदा फसते. अर्धा किलो स्ट्रॉबेरीच्या अर्ध्या-अर्ध्या फोडी करून ५० ग्रॅम साखर लावावी आणि चाळणीत अर्धा तास निथळत ठेवाव्यात. खाली साधारण अर्धी वाटी रस जमतो. तो फेकू नये. छोट्या कढईत तीन मोठे चमचे उरेपर्यंत आटवावा, थंड करावा आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर व थोड्या लिंबाच्या रसासह फोडींना परत चोळावा. स्ट्रॉबेरीचा स्वाद त्या रसातच असतो. आटवल्याने मुख्यतः पाणीच जाते.

चुऱ्यासाठी १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम नेहमीची दाणेदार साखर आणि २५ ग्रॅम जाड रवा घ्यावा. बाजारातले पिवळे लोणी खारट असते, त्यामुळे वेगळे मीठ नको. करंज्यांना मोहन चोळणाऱ्या हाताला हे काम लगेच जमते, पण एक फरक नीट लक्षात ठेवावा: करंजीचे मोहन कडकडीत लागते, इथे लोणी फ्रीजमधले गारच हवे. लोणी वितळले तर पीठ ते पिऊन टाकते आणि चुऱ्याऐवजी एकसंध गोळा होतो. बोटांच्या टोकांनी चोळावे, मुटका वळला की थांबावे आणि तो मोडून चण्यापासून शेंगदाण्यापर्यंतच्या आकाराचे खडे करावेत. मुंबईच्या उकाड्यात एवढ्या वेळात लोणी मऊ पडतेच, म्हणून खडे २० मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत.

यानंतर चुरा आणि फळ वेगवेगळे भाजणे ही खरी खात्रीची पद्धत. बहुतेक पाककृती दोन्ही एकत्र भाजायला सांगतात. सफरचंदासारख्या घट्ट फळाला ते चालते, पण स्ट्रॉबेरीवर कच्चा चुरा टाकला की त्याची खालची बाजू भाजण्याऐवजी वाफेवर उकडते. म्हणून खडे ट्रेमध्ये सुटे पसरून १७० अंशांवर सुमारे २० मिनिटे, मध्ये एकदा हलवून, फिकट सोनेरी होईतो भाजावेत. गरम असताना ते मऊ लागतात. वितळलेली साखर गार होताना कडक होते, तेव्हाच कुरकुरीतपणा येतो. दुसरीकडे फळ काचेच्या भांड्यात १८० अंशांवर २०-२५ मिनिटे ठेवावे. कडेचे बुडबुडे आधी पातळ आणि भरभर फुटतात, मग जॅमसारखे जाड होऊन सावकाश फुटू लागतात. कॉर्नफ्लॉवर शिजल्याची ही खूण आहे. ती दिसण्याआधी चुरा घातला तर रस वर चढतो. मग चुरा न दाबता, बोटभर जाडीचा पसरून आणखी १२-१५ मिनिटे भाजावे. छोट्या ओटीजीत वरची कांडी चुऱ्याच्या फार जवळ येते, म्हणून भांडे खालच्या खाचेत ठेवावे.

बाहेर काढल्यावर अर्धा तास उघडेच राहू द्यावे. झाकण ठेवले की वाफेचे थेंब वरच पडतात. उरलेले क्रंबल मायक्रोवेव्हमध्ये नव्हे, १७० अंशांच्या ओटीजीत दहा मिनिटे गरम करावे. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर भाजलेला चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवून ऐनवेळी गरम फळावर पसरणे उत्तम. पावसाळ्यात तर हाच मार्ग धरावा, आणि तेव्हा चुऱ्यात गूळ किंवा ब्राउन शुगरही टाळावी, कारण ती पांढऱ्या साखरेपेक्षा लवकर ओल धरते.