पाचवर पंखा का डुगडुगतो

रेग्युलेटर दोनवर असेपर्यंत गुपचूप फिरणारा पंखा पाचवर गेला की झुलायला लागतो आणि वरून टिकटिक ऐकू येते. पण पंखा पाचवर बिघडत नाही. दोष दोनवरही तेवढाच असतो, फक्त तेव्हा तो जाणवत नाही. वेग दुप्पट झाला की पात्याची बाहेरची ओढ चौपट होते, आणि सगळी गोम इथेच आहे.

घराघरांत दिसणारा १२०० मिलिमीटरचा, तीन पात्यांचा पंखा घ्या. पूर्ण वेगात तो मिनिटाला साधारण ३६० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ६. समजा, एका पात्यावर मध्यापासून अर्ध्या मीटरवर १० ग्रॅम वजन जास्त आहे. या वेगात ते १० ग्रॅम मोटरला सुमारे सव्वासातशे ग्रॅमच्या जोराने आपल्याकडे खेचतात. वेग निम्मा केला तर हाच जोर १८० ग्रॅमच्या आसपास उतरतो. शिवाय ओढीची दिशा पात्याबरोबर फिरत राहते, त्यामुळे हुकाला टांगलेली दांडी गोल गोल घुमते.

मात्र वजनाला लगेच दोष देऊ नये. माझ्या मते, आधी संशय घ्यावा तो वाकलेल्या पात्याचा. स्टुलावर उभे राहून पंखा पुसताना आपण पाते दाबतो, कधी तोल सावरायला चक्क धरतो. पाते मोटरला ज्या पत्र्याच्या पट्टीने जोडलेले असते ती पट्टी तेवढ्यानेही वाकते. पाते हवा खाली ढकलते तेव्हा हवा पात्याला वर ढकलते. एका पात्याचा कोन बदलला की त्याला मिळणारा हा रेटा इतर दोघांपेक्षा वेगळा होतो आणि पंखा कलतो. वजन अगदी समान असले तरीही.

हे तपासायला मोजपट्टी पुरते. भिंतीवरचे बटण नव्हे, एमसीबी बंद करा. पाती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. समोरच्या कडेवर साचलेली धूळ तिन्हींवर सारखी असेलच असे नाही. पात्यांचे सगळे स्क्रू आवळा. मग छतावर एक जागा ठरवून तिथून पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा आणि पंखा हाताने फिरवत उरलेली दोन टोके त्याच जागेखाली आणा. जागा बदलू नका, कारण छत क्वचितच सपाट असते. आकडे ४१२, ४१३ आणि ४१९ मिलिमीटर आले, तर तिसरे पाते सहा मिलिमीटर खाली झुकले आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. सहाचा सोडू नये. पट्टीचे मोटरकडचे टोक एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने पट्टीच हलकेच वर वाकवा, पाते नव्हे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची तिन्ही अंतरेही सारखी, या पंख्यात सुमारे १०४ सेंटिमीटर, भरायला हवीत.

एवढे करूनही पंखा झुलत असेल तर वजनाकडे वळावे. एक रुपयाचे नाणे तीन-चार ग्रॅमचे असते. ते पहिल्या पात्याच्या वरच्या बाजूला, मध्यावर, रुंद चिकटपट्टीने पक्के बसवा आणि पंखा पाचवर लावून झोका पाहा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपला तर तुलना सोपी जाते. मग तेच नाणे दुसऱ्या, नंतर तिसऱ्या पात्यावर. झोका ज्या पात्यावर सर्वांत कमी होईल तिथे नाणे टोकाकडे किंवा मोटरकडे सरकवून पाहा. टोकाकडे त्याच वजनाचा परिणाम वाढतो. दोन पात्यांवर सारखाच फायदा दिसला तर तिसरे पाते जड आहे, म्हणून त्या दोन्हींवर एकेक नाणे लावा. पंखा चालू असताना खाली उभे राहू नका: अर्ध्या मीटरवरून सुटलेले नाणे ताशी ६५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने निघते.

टिकटिकीचे मूळ बहुधा दांडीच्या वरच्या टोकाला असते. झोका वाढला की हूक झाकणारी प्लॅस्टिकची वाटी छताला किंवा दांडीला थडकते. ती थोडी खाली सरकवून स्क्रू आवळला की आवाज जातो. वाटी उतरवलीच आहे तर हुकातले रबरी बुश झिजले आहे का आणि बोल्टची कॉटर पिन जागेवर आहे का, तेही बघून घ्या. पिन नसेल तर ती बसेपर्यंत पंखा लावू नये. एमसीबी बंद ठेवून पंखा हाताने सावकाश फिरवला तरी मोटरमधून खरखर येत असेल, तर ते बेअरिंग आहे. ते मेकॅनिककडूनच बदलून घ्यावे लागते.

पाते एकच खराब झाले तरी दुकानातून तिन्हींचा संच आणावा. कारखान्यात पाती वजन जुळवून एकत्र बांधलेली असतात, आणि जुन्या दोघांशी नवे पाते क्वचितच जुळते.