कच्च्या वहीचं पक्कं पान

लातूरच्या एखाद्या कॉलेजात भूगोलाच्या तासाला किल्लारीचा भूकंप शिकवला, की वहीत साधारण असं उतरतं: '30 सप्टें. 93, पहाटे 3.56. 6.2. प्लेटची कड नाही. उथळ!! माळवद जड. कोयना 67?' मध्येच एक बाण, कोपऱ्यात घराचं अर्धवट चित्र. तास चालू असताना हे सगळं कळत असतं. आठवड्यानंतर मात्र 'उथळ' म्हणजे नेमकं काय उथळ, तेही आठवत नाही.

अशा वेळी बहुतेक मुलं हेच पान चांगल्या अक्षरात, त्याच क्रमानं पुन्हा उतरवतात. त्यात मेहनत खूप होते, पण गोंधळ जसाच्या तसा नव्या पानावर येतो. पान उतरवायचं नसून नव्यानं बांधायचं असतं. त्यासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर पानाची एक आखणी सुचवली. ती कॉर्नेल पद्धत म्हणून ओळखली जाते.

A4 कागद घेतला तर डावीकडे सुमारे 6 सेंटीमीटरचा उभा रकाना सोडायचा आणि तळाशी 5 सेंटीमीटरची आडवी पट्टी. उरलेली मोठी जागा टिपणांची. लाँगबुकातला छापील समास या कामाला अपुरा पडतो, म्हणून रेघ नवी मारावी लागते. डावा रकाना प्रश्नांचा, खालची पट्टी साराची.

आता किल्लारीचं पान बांधू. काम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करायचं, कारण 'उथळ!!' चा अर्थ तेवढ्यातच डोक्यात ताजा असतो. आधी कच्च्या पानावरचे तुकडे एकमेकांशी जोडून बघायचे. तारीख, वेळ आणि 6.2 ही तीव्रता हा एक गट. 'प्लेटची कड नाही' आणि 'कोयना 67' हा दुसरा: किल्लारीचा आणि 1967 चा कोयनेचा, हे दोन्ही भूकंप भूपट्टांच्या सीमेवर न होता द्वीपकल्पाच्या आत झाले. कोयनेपुढचं प्रश्नचिन्ह मैत्रिणीच्या वहीतून किंवा सरांना विचारून सोडवायचं. तोवर तिथे दोन ओळी मोकळ्या ठेवायच्या. तिसरा गट 'उथळ' आणि 'माळवद' यांचा. वहीत हे शब्द लांब लांब पडले होते, पण दोन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर आहेत. भूकंपाचं केंद्र जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर होतं, त्यामुळे हादरा फारसा न विरता वर आला. वर घरं होती दगड-मातीच्या जाड भिंतींची, डोक्यावर मातीचं जड माळवद. पहाटेची वेळ, माणसं घरात झोपलेली. म्हणजे पहिल्या गटातली 3.56 ही वेळसुद्धा इथेच आणून बसवावी लागते. पान बांधायचं म्हणजे अशी हलवाहलव करायची.

मग डावा रकाना. इथे 'किल्लारी भूकंप' असं शीर्षक लिहिलं तर तो रकाना वाया गेला. प्रश्न हवा: '6.2 च्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं का गेली?' 'भूपट्टाच्या सीमेपासून दूर भूकंप होतो, याची दोन उदाहरणं कोणती?' प्रश्न चांगला आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. उत्तर एका शब्दात संपत असेल, तर तो बहुधा फक्त तारीख-आकडा विचारतोय. असे एक-दोन पुरेत, बाकीचे 'का' आणि 'कसं' चे हवेत.

साराची पट्टी टिपणं झाकून भरायची. दोन-तीन वाक्यं, आपल्या शब्दांत. वर बघून वाक्य उचललं, तर काय कळलं नाही ते लपून राहतं.

पान तयार झालं की उजवी बाजू वहीनं झाकायची, प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्यानं द्यायचं, मगच उघडून ताडायचं. या पद्धतीचा खरा फायदा मला इथे दिसतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते येतं असा भास होतो. झाकलेलं पान तो भास लगेच मोडतं.

त्यामुळे नुसत्या आखणीला महत्त्व कमी. रेघा मारून रकाना रिकामा ठेवला, तर ती साधी वहीच. गणिताची लांब सिद्धता किंवा मोठी आकृती या अरुंद जागेत कोंबूही नये. तिथे उजवं पान पूर्ण मोकळं ठेवून प्रश्न समोरच्या डाव्या पानावर लिहावेत. आणि प्रत्येक तासाचं पान बांधत बसलं तर सराव करायला वेळच उरणार नाही. जे पान दुसऱ्या दिवशी वाचून स्वतःलाच उलगडत नाही, ते आधी घ्यावं.