सूचना विसरणारे मूल आणि कार्यरत स्मृती

‘गेल्या वर्षीची कविता अजून तोंडपाठ आहे, मग बाईंनी आत्ता सांगितलेले कसे विसरतो? लक्षच देत नाही, दुसरे काय!’ अशी तक्रार पालक करतात.

पाठ केलेली कविता दीर्घकालीन स्मृतीत असते. ऐकलेली सूचना मात्र ती पूर्ण होईपर्यंत कार्यरत स्मृतीत, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ मनात धरणाऱ्या जागेत, ठेवावी लागते, आणि काही मुलांमध्ये हीच जागा अपुरी असते. ‘गणिताची वही काढा, तारीख घाला, पान ४२ वरचे तिसरे उदाहरण सोडवा आणि वही टेबलावर ठेवा’ असे एका दमात सांगितले, की असा मुलगा वही काढतो, पण दप्तरात ती शोधेपर्यंत पुढचे तीन भाग निसटतात आणि तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतो. आपल्याला तो खोडसाळपणा वाटतो. एकेकटी सूचना तो नीट पाळत असेल आणि जोडसूचनेतच अडत असेल, तर या दुर्बलतेची शंका घ्यावी; मात्र ऐकू नीट येते ना, हे आधी तपासून घ्यावे.

वर्गात सूचना तोडून द्यावी, पहिले काम झाल्यावरच दुसरे सांगावे आणि ‘आता काय करायचे आहे?’ हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. फळ्यावरून उतरवतानाही प्रत्येक शब्द डोक्यात धरावा लागतो, म्हणून उदाहरण व त्याच्या पायऱ्या लिहिलेला कागद त्याच्या बाकावरच ठेवावा. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या खेळांनी बहुधा त्या खेळांतलेच गुण वाढतात, वर्गातल्या कामात फारसा फरक पडत नाही.