घरघंटीच्या डेमो व्हिडिओची कॅप्शन

स्वयंपाकघरातील एखादे यंत्र कसे चालते हे अर्ध्या-एक मिनिटात दाखवणाऱ्या व्हिडिओखाली विक्रेता जो मजकूर लिहितो, त्याला या व्यवसायात सरसकट ‘कॅप्शन’ म्हणतात. व्हिडिओच्या चौकटीत उमटणारी अक्षरे वेगळी आणि कॅप्शन वेगळी. व्हिडिओने डोळ्यांना जे दाखवले त्याचा अर्थ सांगणे आणि पाहणाऱ्याने पुढे काय करायचे ते कळवणे, ही कॅप्शनची दोन कामे आहेत. यंत्राचा एकच फायदा आणि सोबत काही दिवस घरी वापरून पाहण्याची सवलत, अशी बांधणी असलेल्या कॅप्शनचा विचार या नोंदीत घरघंटीच्या, म्हणजे घरगुती पिठाच्या गिरणीच्या उदाहरणावरून केला आहे.

घरघंटीचे फायदे सांगायला बसले तर बरेच सांगता येतात. गिरणीत खेप घालावी लागत नाही, उपवासाच्या भाजणीत दुसऱ्याच्या गव्हाचे पीठ मिसळत नाही, जाळी बदलून रवाळ किंवा बारीक दळता येते. परंतु तीस सेकंदांत हे सगळे दाखवता येत नाही, आणि जे दाखवलेले नाही ते कॅप्शनमध्ये लिहिले की वाचणारा त्याकडे जाहिरातीतील नेहमीचा दावा म्हणूनच पाहतो. म्हणून कॅमेऱ्यासमोर स्वच्छ दिसणारा एक फायदा निवडावा लागतो. ज्वारीची भाकरी हा त्यासाठी उत्तम विषय आहे, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते, हे भाकरी करणाऱ्या प्रत्येक घराला अनुभवाने ठाऊक असते. ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेन नसल्यामुळे पिठाच्या ताजेपणातील फरक परातीतच दिसून येतो आणि तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

येथे प्रामाणिकपणाचा एक बारीक प्रश्न उभा राहतो. विरी गेलेल्या पिठाचीही भाकरी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून जमवता येते. गरम पाण्याने पिठातील स्टार्च चिकट होतो आणि गोळा एकसंध राहतो. डेमो करताना असे पाणी वापरले आणि कॅप्शनमध्ये श्रेय केवळ ताज्या पिठाला दिले, तर जाणकार बाई परातीतून निघणारी वाफ पाहूनच काय ते ओळखते. तुलना खरी हवी असेल तर एकाच पोत्यातील ज्वारी, एक वाटी जुने पीठ, एक वाटी त्याच दिवशी दळलेले पीठ, दोन्हींना तेच साधे पाणी आणि थापणारे हातही तेच, असे चित्रीकरण करावे, आणि ते तसे केल्याचे कॅप्शनमध्ये लिहावे. ‘भाकरी कधीच तुटणार नाही’ असे मात्र लिहू नये. ज्वारी जुनी किंवा किडकी असेल, मळणे कमी पडले असेल, तर ताज्या पिठाचीही भाकरी चिरते आणि त्याला घरघंटी काही करू शकत नाही.

या विचाराने बेतलेली कॅप्शन साधारण अशी होईल:

‘ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी चिरते. आज दळलेल्या पिठाची ही भाकरी बघा. दोन्ही पिठं एकाच ज्वारीची, पाणी साधंच. घरघंटी 7 दिवस तुमच्या घरी वापरून बघा. अनामत 2,000 रुपये, यंत्र परत दिल्यावर पूर्ण परत. नेण्या-आणण्याचा खर्च आमचा. सध्या फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये, 31 मार्चपर्यंत. मेसेजमध्ये “घरघंटी” लिहून पाठवा.’

यातील पहिले वाक्य आखूड आहे ते मुद्दाम. इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2,200 वर्णांपर्यंत लिहिता येते, पण व्हिडिओखाली सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो आणि उरलेला वाचण्यासाठी बोट टेकवावे लागते. वर्णमर्यादा सांभाळून मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: संगणकात मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सारे स्वतंत्र वर्ण मोजले जातात. ‘ज्वारीचं’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, यंत्राच्या हिशेबी ते आठ वर्ण होतात. त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या अंदाजाने आखलेली मर्यादा मराठीत लवकर भरते. नमुन्यात अडचण आधी, उपाय नंतर आणि सवलत त्याच्याही नंतर आली आहे, हा क्रम टिकवावा. सवलत पहिल्या ओळीत गेली की भाकरीशी कर्तव्य नसलेले, केवळ काहीतरी फुकट मिळते म्हणून विचारणारे लोक वाढतात.

सवलतीचा भाग सर्वांत काळजीपूर्वक लिहावा लागतो. ‘मोफत ट्रायल’ हे शब्द सहज सुचतात, पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू पोहोचवण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला दुसरे काही भरावे लागत असेल, तर ती वस्तू मोफत म्हणता येत नाही. परत न मिळणारे ‘बसवणी शुल्क’ घेऊन मोफत लिहिणे म्हणूनच चुकीचे ठरते. नमुन्यात ‘मोफत’ हा शब्द नाही. त्याऐवजी अनामत किती, ती केव्हा परत मिळणार आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा हे सांगितले आहे. घरघंटी उचलायला दोन माणसे लागतात, त्यामुळे वाहतुकीचा खर्च न सांगितलेली सवलत ग्राहकाला शेवटी महागात पडते. त्याच तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा. तेव्हा मराठी कॅप्शनच्या तळाशी इंग्रजीत ‘अटी लागू’ लिहून भागत नाही. मुदत नसताना ‘फक्त आजच’ लिहिणे ही खोटी घाई असून 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयीच्या तत्त्वांनी ती प्रतिबंधित केली आहे. व्हिडिओ मोबदला घेऊन एखाद्या इन्फ्लुएन्सरने केला असेल, तर तो जाहिरात असल्याची खूण कॅप्शनच्या सुरुवातीलाच, न उघडता दिसेल अशी हवी. ती हॅशटॅगच्या गर्दीत दडवू नये.

व्हिडिओत जे कळत नाही ते ट्रायलमध्ये कळते: दळताना होणारा आवाज, ओट्याखाली यंत्र मावते का, दळण झाल्यावर कप्प्यात किती पीठ अडकून राहते. आधीच्या घरातून आलेले यंत्र साफ केल्याशिवाय पुढे देऊ नये. उपवास पाळणाऱ्या घरासाठी तर ही बाब निर्णायक असते. कॅप्शन जमली की नाही हे येणाऱ्या विचारणांवरून ओळखता येते. लोक ‘आमच्या गावात मिळेल का’ किंवा ‘किती भरावे लागतील’ असेच विचारत राहिले, तर ती माहिती कॅप्शनमध्ये नाही किंवा फार खाली आहे असे समजावे. ‘बाजरी कशी दळते’ असे प्रश्न येऊ लागले, तर फायदा पोहोचला आहे.

सवलतीची मुदत आणि रक्कम व्हिडिओच्या चौकटीत कधीही घालू नये. कॅप्शन प्रकाशित झाल्यावरही बदलता येते, चित्रावर उमटलेली अक्षरे बदलत नाहीत. शिवाय व्हिडिओ उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला की कॅप्शन मागेच राहते आणि संपलेली सवलत महिनोन्‌महिने फिरत राहते. म्हणून भाकरीचा फरक, यंत्राचे नाव आणि संपर्क क्रमांक एवढेच व्हिडिओत असावे.