आत्मतुष्टीचे प्रामाण्य आणि चुकणारे अंतःकरण: पार्श्वभूमी

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्म ओळखण्याची साधने सांगितली आहेत. सहाव्या श्लोकात वेद, स्मृती, शील आणि सज्जनांचा आचार यांच्यानंतर शेवटी ‘आत्मतुष्टी’ येते, आणि बाराव्या श्लोकात तिलाच ‘स्वस्य च प्रियमात्मनः’ म्हटले आहे. आधीची साधने ग्रंथातून किंवा समाजातून मिळतात, हे शेवटचे मात्र माणसाच्या आत आहे. चौथ्या अध्यायात असेही म्हटले आहे की जे कर्म करताना अंतरात्म्याला समाधान वाटते ते प्रयत्नपूर्वक करावे आणि त्याच्या विरुद्ध असेल ते टाळावे. पण हे समाधान कोणाचे धरायचे, ते कशाने घडते आणि ते फसवे निघाले तर काय, हे स्मृती सांगत नाही. पुढची जवळजवळ सारी चर्चा या तीन प्रश्नांभोवती फिरते.

या चर्चेत सर्वाधिक उद्धृत झालेले वचन एखाद्या शास्त्रग्रंथातले नसून शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले आहे: ‘सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः’. संशयाच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण, असा त्याचा अर्थ. हे वचन सुभाषित म्हणून सुटे वापरले जाते, पण मुळात ते कोण, कोणत्या प्रसंगी बोलतो हे पाहणे आवश्यक आहे. आश्रमातली कन्या पाहून दुष्यंत तिच्यावर मोहित झाला आहे. ती ऋषिकन्या असेल तर क्षत्रियाला तिच्याशी विवाह करता येणार नाही, ही त्याची अडचण आहे. त्यावर तो स्वतःशी असा निर्णय करतो की ज्याअर्थी माझे आर्य मन हिची अभिलाषा धरते, त्याअर्थी ही क्षत्रियाने वरण्याजोगीच असली पाहिजे. म्हणजे ज्या इच्छेची तपासणी व्हायची, तिलाच त्याने साक्षीदार केले आहे. त्याचा निष्कर्ष पुढे खरा ठरतो, कारण शकुंतला विश्वामित्राची मुलगी निघते. पण निष्कर्ष खरा ठरला म्हणजे तिथवर नेणारा मार्गही खात्रीचा होता असे होत नाही.

त्याच नाटकाच्या पाचव्या अंकात हा राजा चुकतो. शापामुळे त्याला विवाह आठवत नाही आणि गर्भवती शकुंतला दरबारात त्याच्यासमोर उभी राहते. आपण तरी भ्रमात आहोत किंवा ही तरी खोटे बोलते आहे. तेव्हा पत्नीचा त्याग करणारा व्हावे की परस्त्रीच्या स्पर्शाने दूषित व्हावे, असा प्रश्न तो पुरोहितापुढे ठेवतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावरून पाहिले तर परस्त्री टाळणे हे सदाचरणच आहे, आणि तरीही त्याच्या हातून एका निरपराध स्त्रीवर अन्याय होतो. येथे बिघाड मूल्यात नाही, माहितीत आहे. अंकाच्या अखेरीस तो कबूल करतो की विवाह मला आठवत नाही, पण तळमळणारे हृदय जणू तिच्यावर विश्वास ठेवायला लावते आहे. एकाच माणसाच्या आत एक आवाज ‘योग्य केलेस’ म्हणतो आणि दुसरा अस्वस्थ करतो. पहिल्या अंकातले वचन ज्यांनी प्रमाण म्हणून उचलले, त्यांनी पाचवा अंक बहुधा विचारात घेतला नाही.

ते वचन उचलणाऱ्यांमध्ये वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्राचा सातव्या शतकातला थोर वार्तिककार कुमारिल भट्ट होता, आणि आत्मतुष्टीच्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय त्याचाच आहे. ज्याला जे बरे वाटेल तो धर्म, असे मानले तर वेदाचे प्रामाण्यच कोसळेल हे त्याला स्पष्ट दिसत होते. पण स्मृतीने आत्मतुष्टी सांगितलेली असल्याने तिला नाकारताही येत नव्हते. त्याने असा मार्ग काढला की आत्मतुष्टी प्रमाण आहे, पण ती वेदवेत्त्याचीच. मिठाच्या खाणीत जे पडेल ते मीठच होते, त्याप्रमाणे वेदाच्या दीर्घ संस्काराने भरलेल्या मनात जे उमटेल ते वेदमयच असणार, असा त्याचा दृष्टांत आहे.

या दृष्टांताकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. अंतःकरण जन्मतः तयार मिळत नाही, ते संस्काराने घडते आणि त्याचा कौल म्हणजे मुरलेल्या शिक्षणाची त्वरित प्रतिक्रिया असते, ही त्यातली जाण असामान्य आहे. परंतु मीठ कसे आहे हे खाणीतून आलेल्या मिठाला विचारून कळत नाही. संस्कारच सदोष असेल तर त्यातून घडलेले मन त्या दोषाबद्दल समाधानीच राहील, आणि ते ओळखायला आतली कसोटी उरणार नाही. शिवाय वेदाध्ययनाचा अधिकार ज्यांना नव्हता, त्या सगळ्या स्त्रियांचे आणि शूद्रांचे अंतःकरण या निर्णयाने साक्षीच्या यादीतूनच वगळले गेले. माझ्या मते आत्मतुष्टीचा मुख्य संकोच येथे झाला.

नंतरच्या टीकाकारांनी उरलेली जागाही आवळली. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिलेल्या, याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेत ‘स्वस्य च प्रियम्’ याचा अर्थ असा लावला आहे की जेथे शास्त्रानेच विकल्प दिला असेल, तेथे आपल्या आवडीने निवड करावी. उदाहरण दिले आहे ते मुंजीचे: ती गर्भापासून आठव्या वर्षी करावी की जन्मापासून आठव्या, हे आपल्या इच्छेने ठरवावे. धर्माचे एक मूळ म्हणून आलेली गोष्ट अशा रीतीने मुंजीचे वर्ष ठरवण्यापुरती उरली.

सतराव्या शतकात देहूहून आलेला तुकारामाचा ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता’ हा उद्गार या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे वजन कळते. ज्याच्या मनाला शास्त्राने साक्षीचा अधिकार दिला नव्हता, तो स्वतःच्या मनाची साक्ष काढतो आणि बहुसंख्यांचे मत बाजूला ठेवतो.

या प्रश्नाची मराठीतली सर्वांत सविस्तर चर्चा 1910–11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्य’ या गीतेवरील ग्रंथात आहे. तोवर सदसद्विवेकबुद्धी ही ईश्वराने प्रत्येकाच्या मनात बसवलेली स्वतंत्र देवता आहे, हे पाश्चात्त्य मत इथल्या शिकलेल्या लोकांत चांगलेच रुजले होते. ग्रंथकाराचा आक्षेप सरळ आहे. अशी स्वतंत्र देवता असती तर ती सर्वांना एकच सांगती. पण एका समाजाला जे पाप वाटते ते दुसरा निःशंकपणे करतो, आणि चोराचे मन चोरीच्या वेळी साधूच्या मनासारखे बोलत नाही. म्हणून बऱ्यावाइटाची निवड करणारी शक्ती वेगळी नाही. इतर सर्व बाबतींत सारासार पाहणारी जी बुद्धी आहे, तीच ही निवडही करते. ती शुद्ध असेल तर तिचा निर्णय शुद्ध असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातला सात्त्विक, राजस आणि तामस बुद्धीचा भेद येथे उपयोगी पडतो. अंधाराने वेढलेली तामस बुद्धी अधर्मालाच धर्म मानते, असे तेथे म्हटले आहे. अशा बुद्धीच्या माणसाला आपण अधर्म करतो आहोत असे वाटतच नाही, हे त्यातले महत्त्वाचे.

हे सूत्र प्रत्यक्षात कसे दिसते ते महाडला दिसले. तेथले चवदार तळे सार्वजनिक आहे आणि ते सर्वांना खुले आहे असा ठराव नगरपालिकेने 1924 मध्ये केला होता. 20 मार्च 1927 रोजी अस्पृश्य मानलेल्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर पंचगव्याच्या 108 घागरींनी तळ्याची शुद्धी करण्यात आली. शुद्धी करणारे सगळे लबाड होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांपैकी अनेकांना पाणी बाटल्याची खरीच टोचणी लागली असेल आणि विधीनंतर खरेच समाधान लाभले असेल. स्मृतीच्या शब्दांत अंतरात्म्याचा परितोष झाला असेल. चुकलेले अंतःकरण ओळखायला कठीण जाते ते यामुळेच, कारण टोचणी आणि समाधान या त्याच्या खुणा खऱ्या अंतःकरणासारख्याच असतात.

ते चुकले होते हे दाखवणारी खूण भावनेत नव्हती, विसंगतीत होती. त्याच तळ्यावर अन्य धर्मांचे लोक पाणी भरत आणि तेथे कोणाचे मन बिथरत नसे. ज्या मनाला त्यांचा स्पर्श चालतो आणि शेजारच्याच वस्तीतल्या माणसाचा चालत नाही, ते शुद्धाशुद्धीचा कोणताही एक नियम पाळत नव्हते. लहानपणापासून शिकवलेले अंतर ते जपत होते. दुष्यंताची चूक माहिती मिळताच दुरुस्त झाली, अंगठी सापडली आणि स्मरण परतले. महाडच्या चुकीला अशी अंगठी नव्हती, कारण हवी ती सगळी माहिती आधीच समोर होती. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. आणि तळ्यावरचा खटला उच्च न्यायालयात 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने संपला. वहिवाट अनादी असल्याचे स्पृश्यांना सिद्ध करता आले नाही.

अशी टोचणी मुलाच्या मनात कशी बसते, याचा थोडा उलगडा 1932 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या बालमनाच्या अभ्यासातून होतो. एका मुलाकडून दार उघडताना नकळत 15 कप फुटले आणि दुसऱ्याकडून चोरून मुरंबा घेताना एक कप फुटला, तर अधिक दोषी कोण, असे मुलांना विचारण्यात आले. लहान मुले बहुधा 15 कपांकडे बोट दाखवीत, मोठी मुले हेतू पाहू लागत. लहान मुलाला दोष दिसतो तो मोठी माणसे जिथे रागावतात तिथे, आणि हा कौल समवयस्कांशी बरोबरीने वागताना, वाद घालताना बदलतो, असे त्या अभ्यासात मांडले आहे. जेथे बरोबरीचा हा व्यवहारच निषिद्ध असतो, तेथे पहिल्या शिकवणीला आव्हान मिळणार कुठून, हा प्रश्न महाडलाही लागू पडतो.

संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले, वेदवेत्त्याची अट येथे संपली. 1985 मध्ये केरळमधील एका शाळेने तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून काढून टाकले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण प्रार्थना फक्त आपल्या देवाचीच या श्रद्धेमुळे गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले आणि ही श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हे न पाहता ती प्रामाणिकपणे धरलेली आहे का एवढेच पाहिले. त्यामुळे अंतःकरण चुकले आहे का हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम बाजूला ठेवला. मात्र त्याच अनुच्छेदाच्या आरंभी हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन ठेवले आहे, आणि अस्पृश्यता नष्ट करणारा 17 वा अनुच्छेद त्याच भागात येतो. प्रामाणिक टोचणीच्या आधारे महाडसारखी शुद्धी आज करू पाहणाऱ्याला 25 व्या अनुच्छेदाचा आश्रय मिळणार नाही, मग ती टोचणी कितीही खरी असो.